वर्तुळातला फेरफार : प्रत्येक आकड्याशेजारी आधाराची ओळ

हाताने लिहिलेला जुना सातबारा पाहिला, तर कब्जेदाराच्या नावाजवळ एक छोटं वर्तुळ आणि त्यात एक आकडा दिसतो. तो फेरफार क्रमांक. हे नाव इथं कशाच्या बळावर आलं, ते तो सांगतो. खरेदीखत झालं, वारस लागले, वाटणी झाली, की तलाठी फेरफार नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये, नोंद घालतो. हितसंबंधितांना नोटीस जाते, हरकतीची मुदत संपते आणि मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो. त्यानंतर नाव सातबाऱ्यावर चढतं आणि त्याच्याशेजारी त्या नोंदीचा क्रमांक वर्तुळात बसतो. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ च्या कलम १५० मागची शिस्त हीच आहे : कागदावरच्या प्रत्येक हक्काला मागे जायची वाट हवी.

आज हाच प्रश्न नव्या रूपात समोर आला आहे. स्कॅन केलेल्या कागदांचे गठ्ठे भाषा-मॉडेलला देऊन त्यातून क्षेत्र, खातेदार, बोजा, तारखा वेचून घेण्याचं काम अनेक ठिकाणी सुरू आहे. मॉडेल तक्ता झटकन भरून देतं. पण तक्त्यातला आकडा मूळ कागदावर कुठे आहे, हे तपासणाऱ्याला कळत नाही. म्हणून एक रीत रुळत आहे. प्रत्येक वेचलेल्या मूल्याशेजारी मूळ मजकुरातली ओळ जशीच्या तशी मागायची. या लेखात तिला ‘आधाराची ओळ’ म्हणू. ती कशी मागावी, ती खरी आहे हे कसं ओळखावं, ती असूनही कुठे फसगत होते आणि तपासनीसाने तिच्यासमोर कसं बसावं, याचा हा आढावा आहे. उदाहरणादाखल गोंदिया शहराला लागून असलेल्या फुलचूर मौज्यातला एक उतारा घेतला आहे. उतारा आणि त्यातले आकडे कल्पित आहेत, त्याची घडण मात्र खऱ्या सातबाऱ्याची आहे.

गठ्ठा आणि तपासनीस

समजा, फुलचूरच्या एका शेताचे चाळीस पानांचे कागद आहेत. चालू सातबारा, जुने हस्तलिखित उतारे, ८-अ, पाच-सात फेरफार, एक खरेदीखत. तपासनीसाला तीस रकान्यांचा तक्ता मिळाला आणि त्यात फक्त मूल्यं असली, तर एक रकाना तपासायलाही त्याला गठ्ठा चाळावा लागतो. दहा रकान्यांनंतर कोणीही थकतं, आणि पुढचे वीस ‘बरोबर दिसतात’ म्हणून पुढे जातात. शेजारी पान, ओळ आणि मूळ शब्द असले की तपासनीसापुढचा प्रश्नच लहान होतो. ‘या गठ्ठ्याप्रमाणे क्षेत्र किती?’ याऐवजी ‘ही ओळ हे क्षेत्र सांगते का?’ एवढंच त्याला पाहायचं असतं.

फुलचूरच्या कागदांत याचा लगेच दिसणारा फायदा आहे. गोंदिया जिल्हा भंडाऱ्यातून वेगळा झाला तो १ मे १९९९ रोजी. त्याआधीच्या प्रत्येक कागदावर मौजा फुलचूर, तालुका गोंदिया, जिल्हा भंडारा असं आहे. मॉडेलने पुष्कळ मजकूर वाचलेला असतो. फुलचूर गोंदिया जिल्ह्यात आहे ही आजची माहिती त्याच्याकडे असेल, तर ‘जिल्हा’ या रकान्यात ते ‘गोंदिया’ भरू शकतं. मूल्य आजच्या दृष्टीने चुकीचं नाही, पण ते कागदावरून आलेलं नाही, मॉडेलच्या आठवणीतून आलेलं आहे. आधाराची ओळ मागितली असेल तर शेजारी ‘जि. भंडारा’ उमटतं आणि विसंगती डोळ्यांत भरते. कागदावर काय आहे आणि मॉडेलला काय ठाऊक आहे, या दोन गोष्टी वेगळ्या पाडणं हे आधाराच्या ओळीचं पहिलं काम.

हे काम महाराष्ट्राने माणसांच्या बळावर एकदा प्रचंड प्रमाणात केलं आहे. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना मूळ नोंद आणि टंकलेली नोंद यांत फरक पडले. नावं चुकली, क्षेत्रं चुकली, इतर हक्कातल्या नोंदी सुटल्या. २०१७ साली गावोगाव चावडी वाचन घेण्यात आलं ते त्यासाठीच. संगणकावरचा उतारा खातेदारांपुढे वाचायचा आणि हस्तलिखिताशी ताडायचा. लेखनप्रमादाची दुरुस्ती कलम १५५ खाली होते, आणि तिथेही प्रश्न तोच येतो : मूळ अभिलेखात काय लिहिलं आहे, ते दाखवा. कलम १५७ प्रमाणे प्रमाणित नोंद उलट सिद्ध होईपर्यंत खरी धरली जाते. म्हणूनच चुकून चढलेली नोंद काढणं इतकं जड जातं.

ओळ मागायची कशी

‘प्रत्येक मूल्यासोबत आधार द्या’ एवढं सांगून भागत नाही. मॉडेल आधार म्हणून सारांश देतं, दोन ओळी जोडून एक करतं, किंवा शुद्धलेखन सुधारून ओळ लिहितं. त्यामुळे सूचना नेमकी हवी. ओळ अक्षरशः उतरवा, चुकांसकट. मधले शब्द गाळू नका. आधार दोन ठिकाणी विखुरला असेल तर दोन स्वतंत्र ओळी द्या. आणि मजकूर मॉडेलला देण्याआधी प्रत्येक ओळीला क्रमांक घाला, म्हणजे ओळीच्या शब्दांसोबत तिचा पत्ताही मागता येतो. शब्द एका ठिकाणचे आणि क्रमांक दुसरीकडचा निघाला, तर काहीतरी बिनसलं आहे हे लगेच कळतं.

आपल्या कल्पित उताऱ्याचा क्रमांक घातलेला भाग असा :

```
[07] भूधारणा पद्धती : भोगवटादार वर्ग -1
[08] अ) लागवड योग्य क्षेत्र (हे.आर.चौ.मी)
[09] जिरायत 0.35.00
[12] ब) पोटखराब क्षेत्र
[13] वर्ग (अ) 0.05.00
[14] एकूण क्षेत्र (अ+ब) 0.40.00
[15] खातेदार क 0.40.00 (412)
[16] खातेदार ख 0.20.00 (655)
[17] खातेदार ग 0.20.00 (655)
[18] इतर अधिकार : सेवा सहकारी संस्था
     बोजा रु. 60,000 (603)
[19] प्रलंबित फेरफार : नाही
```

आणि मॉडेलकडून मागायचा साचा असा :

```json
{
  "field": "एकूण क्षेत्र",
  "page": 1,
  "line": 14,
  "quote": "एकूण क्षेत्र (अ+ब) 0.40.00",
  "value": "0.40.00",
  "status": "found"
}
```

या साच्यात `quote` आधी आणि `value` नंतर आहे, आणि हा क्रम मुद्दाम ठेवलेला आहे. भाषा-मॉडेल मजकूर एकेका तुकड्याने, पुढे पुढे लिहीत जातं. आधी मूल्य लिहिलं की ते ठरून जातं, आणि मग त्याला साजेशी ओळ शोधली जाते. आधी ओळ उतरवली तर मूल्य त्या ओळीतून काढावं लागतं. याने चूक होणारच नाही असं नाही, पण ठरलेल्या उत्तराला मागाहून पुरावा चिकटवण्याची वाट अरुंद होते.

दुसरी बाब ओळीच्या लांबीची. फक्त ‘0.40.00’ एवढंच अवतरण म्हणून आलं तर ते वरच्या उताऱ्यात दोनदा सापडतं, एकदा एकूण क्षेत्रात आणि एकदा खातेदार क यांच्यासमोर. असा आधार असून नसल्यासारखा. उलट अर्धं पान उतरवून दिलं तर तपासनीसाला पुन्हा शोधतच बसावं लागतं. नियम सोपा ठेवावा. मूल्य आणि ते मूल्य कशाचं आहे हे सांगणारा शब्द, दोन्ही एकाच अवतरणात असले पाहिजेत.

वारस फेरफारात या नियमाचं मोल कळतं. एकाच नोंदीत तीन तारखा असतात : खातेदार मयत झाल्याची, नोंद घातल्याची आणि मंडळ अधिकाऱ्याने प्रमाणित केल्याची. ‘मृत्यूचा दिनांक’ या रकान्यात मॉडेलने नोंदीचा दिनांक टाकला आणि आधार म्हणून नुसता तो दिनांक दिला, तर तो कागदावर सापडेल आणि तपासणी पारही होईल. अवतरणात ‘मयत’ हा शब्द हवाच असं बंधन घातलं की हा रस्ता बंद होतो.

ओळ खरोखर कागदावर आहे का

मॉडेलने दिलेली ओळ खरी असेलच असं नाही. कधी ते कागदावर नसलेलं वाक्य अवतरण म्हणून लिहितं, आणि ते वाक्य महसुली भाषेत इतकं चपखल बसतं की माणसाला शंकाही येत नाही. सुदैवाने ही चूक यंत्रानेच पकडता येते. ओळ मूळ मजकुरात अक्षरशः सापडते की नाही, एवढंच पाहायचं. डीपमाइंडच्या गोफरसाइट या २०२२ च्या कामात मॉडेलला अवतरण उमटवतानाच असं बांधून ठेवलं होतं, की मूळ दस्तातल्या शब्दांबाहेर त्याला जाताच येऊ नये. अशी सोय नसेल तर नंतर ताडून पाहावं.

मराठीत हे ताडणं वाटतं तितकं सरळ नाही. ‘शेतकऱ्याचा’ हा शब्द पडद्यावर एकच दिसतो, पण आत तो दोन तऱ्हांनी साठवलेला असू शकतो. एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि त्यामागे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना फरक नाही, संगणकाला मात्र ते दोन वेगळे शब्द आहेत. कुठे ४० देवनागरीत, कुठे 40 रोमन अंकांत. कुठे दोन शब्दांत एक मोकळी जागा, कुठे तीन. म्हणून ताडण्याआधी दोन्ही बाजू एकाच रूपात आणाव्या लागतात :

```python
import re, unicodedata
D = str.maketrans("०१२३४५६७८९", "0123456789")
def norm(s):
    s = unicodedata.normalize("NFC", s)
    s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
    s = re.sub("[\u200c\u200d]", "", s).translate(D)
    return re.sub(r"\s+", " ", s).strip()

q = norm(quote)
ok = len(q) > 0 and norm(page_text).count(q) == 1
```

शेवटच्या ओळीतल्या दोन अटी अनुभवाने येतात. रिकामं अवतरण कोणत्याही मजकुरात ‘सापडतं’, म्हणून त्याची लांबी पाहावी लागते. आणि अवतरण पानावर एकदाच यावं. दोनदा आलं तर ओळ क्रमांक पाहिल्याशिवाय ते स्वीकारू नये.

याहून मोठी अडचण मजकुराची आहे. आपण ताडतो ते कागदाशी नाही, तर ओसीआरने कागदावरून वाचलेल्या मजकुराशी. ओसीआरने ‘0.35’ चं ‘0.85’ वाचलं असेल, तर मॉडेल ‘0.85’ उतरवेल, अवतरण मजकुरात तंतोतंत सापडेल आणि तपासणी हिरवी दाखवेल. युनिकोडपूर्वीच्या फॉन्टमधली पीडीएफ असेल तर नक्कल केलेला मजकूर अगम्य निघतो, आणि काही पीडीएफमधून ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी येऊन पडते. म्हणून तपासनीसाच्या पडद्यावर अवतरणाच्या शेजारी त्या ओळीचं मूळ चित्र, स्कॅनमधून कापलेली पट्टी, दिसायला हवी. मजकुराशी ताडायचं काम यंत्राचं, चित्राशी ताडायचं काम माणसाचं.

ओळ आहे, पण ती तेच सांगते का

अवतरण खरं निघालं म्हणजे मूल्य खरं ठरलं असं होत नाही. गोफरसाइटच्याच लेखकांनी याचं उदाहरण दिलं आहे. रेड बुल प्यायल्याने काय मिळतं, या प्रश्नावर मॉडेलने पंख असं उत्तर दिलं, आणि त्या पेयाच्या जाहिरातीतलं वाक्य आधार म्हणून जोडलं. वाक्य खरं होतं, उत्तर खोटं. २०२३ मध्ये स्टॅनफर्डच्या संशोधकांनी संदर्भ देणारी चार शोधयंत्रं माणसांकडून तपासून घेतली. उत्तरातल्या वाक्यांपैकी जेमतेम ५१.५ टक्के वाक्यांना दिलेल्या संदर्भांचा पूर्ण आधार होता, आणि दिलेल्या संदर्भांपैकी ७४.५ टक्के संदर्भच आपापल्या वाक्याला खरोखर आधार देत होते. ते काम संकेतस्थळांवरच्या मजकुराचं होतं, एका गठ्ठ्यातून मूल्य वेचण्याचं नव्हतं. त्यामुळे ते आकडे इथं लावता येत नाहीत. धडा मात्र लागू आहे : संदर्भ असणं आणि आधार असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या उताऱ्यातच हे पाहू. तक्त्यात ‘क्षेत्र, एकरात’ असा रकाना आहे. मॉडेलने मूल्य दिलं ०.४० एकर. आधार : ‘एकूण क्षेत्र (अ+ब) 0.40.00’. अवतरण कागदावर आहे, आकडाही तोच आहे. पण सातबाऱ्यावरचं क्षेत्र हेक्टर, आर, चौरस मीटर असं लिहितात, आणि ते सांगणारा शब्द सहा ओळी वर, आठव्या ओळीत आहे. ०.४० हेक्टर म्हणजे सुमारे ०.९९ एकर. आपल्याकडे डिसमिलमध्ये बोलतात त्या हिशेबाने नव्व्याण्णव डिसमिल, चाळीस नव्हे. जमीन निम्म्याहून कमी झाली आणि शेजारी खरा पुरावाही बसला. उपाय दोन. एककाची ओळ वेगळी मागायची. आणि मॉडेलकडून मूल्य कागदावरच्याच रूपात, ‘0.40.00’ असंच घ्यायचं, रूपांतर नंतर साध्या हिशेबाने करायचं. वेचणं आणि बदलणं एकाच पायरीत केलं, की ओळ आणि मूल्य यांची तुलनाच करता येत नाही.

याच उताऱ्यात याहून खोल फसगत पंधराव्या ओळीत आहे. खातेदार क मयत आहेत. फेरफार ६५५ ने त्यांचे वारस ख आणि ग लागले. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्यात अशा नावाला कंस करत. कंस म्हणजे हा हक्क आता संपला. २०२० सालच्या नव्या नमुन्यात मयत खातेदार आणि फेडलेले बोजे कंसाऐवजी आडवी रेघ मारून खोडलेले दाखवायचं ठरलं. माणसाच्या डोळ्याला ती रेघ लगेच दिसते. पण रेघ हे अक्षर नाही. पीडीएफमधून मजकूर काढला की नाव येतं, क्षेत्र येतं, रेघ मागेच राहते. मॉडेल तीन खातेदार देतं आणि तिघांची अवतरणं अक्षरशः जुळतात. हस्तलिखितात उलटी गोष्ट घडते. कंस अक्षर म्हणून वाचला गेला, तरी मॉडेल नाव ‘स्वच्छ’ करताना तो गाळून टाकतं.

इथं हिशेब मदतीला येतो. तिन्ही खातेदारांची क्षेत्रं मिळवली की ०.८० भरतात, एकूण क्षेत्र ०.४० आहे. बेरीज जमली नाही म्हणजे कुठलीतरी ओळ मेलेली आहे. पण अठराव्या ओळीतल्या बोज्याला असा आधार नाही. कर्ज फिटलं, बोजा कमी करणारा फेरफार झाला आणि ओळीवर रेघ आली, तरी ‘बोजा रु. 60,000’ हे अवतरण जुळतं आणि कुठलीही बेरीज बिघडत नाही. तो फेरफार गठ्ठ्यात नसेल तर इथं फक्त एकच गोष्ट वाचवते : तपासनीसाने ओळीचं चित्र पाहणं. म्हणून नाव आणि बोजा या दोन रकान्यांसाठी चित्राची पट्टी सक्तीची ठेवावी आणि प्रश्नही वेगळा विचारावा. ‘ओळ जुळते का?’ हे पुरेसं नाही. ‘ओळ जिवंत आहे का?’ असं विचारावं.

नाही म्हणणं आणि न सापडणं

आधाराच्या ओळीची सगळ्यात अवघड कसोटी म्हणजे अभाव. ‘प्रलंबित फेरफार’ या रकान्यात मॉडेलने ‘नाही’ भरलं आणि एकोणिसावी ओळ दिली, तर ते पक्कं आहे, कारण कागदच नाही म्हणतो. पण ‘कुळाचा हक्क’ या रकान्यात ‘नाही’ आलं तर त्याला कुठली ओळ आधार देणार? कागद त्याबद्दल काहीच बोलत नाही. अशा वेळी आधार सक्तीचा ठेवला तर मॉडेल कुठलीतरी ओळ आणून जोडतं, आणि आधार ऐच्छिक ठेवला तर खरी नोंद सुटली तरी कळत नाही.

म्हणून साच्यातल्या `status` ला तीन रूपं द्यावीत : सापडलं, कागद नाही म्हणतो, कागदावर उल्लेख नाही. पहिल्या दोन्हींना ओळ हवीच. तिसऱ्याला अवतरण नको, पण कोणती पानं पाहिली ते हवं. चाळीस पानांपैकी बारा पानं अंधूक असल्यामुळे वाचताच आली नसतील, तर ‘उल्लेख नाही’ याचा अर्थ फार वेगळा होतो.

दुसरी उणीव याच्याशी जोडलेली आहे. आधाराची ओळ फक्त वेचलेल्या गोष्टींची राखण करते. जे वेचलंच नाही त्याबद्दल ती गप्प असते. वारस फेरफारात तीन मुली असताना दोनच आल्या, तर दोघींची अवतरणं उत्तम असतील आणि तिसरीचं नाव कुठेच नसेल. हे पकडायला तपासणी उलट्या दिशेनेही करावी लागते. पानावरच्या ज्या ओळी कुठल्याच मूल्याला आधार म्हणून आल्या नाहीत त्या वेगळ्या रंगात दाखवायच्या आणि तपासनीसाने त्या वाचायच्या. सातबाऱ्यासारख्या आखीव कागदात अशा ओळी थोड्याच उरतात. फेरफाराच्या मोकळ्या मजकुरात जास्त उरतात, आणि वारस, अटी, हरकती नेमक्या तिथेच असतात. शेतजमिनीच्या कागदात नाव सुटणं ही सगळ्यात महाग चूक आहे, आणि ते नाव पुष्कळदा मुलीचं असतं. म्हणून वेळ कमी असेल तर ही उलटी तपासणी आधी करावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

तपासनीसासमोर काय ठेवायचं

आधार दिसला की तपासणी सुधारते, असं आपण धरून चालतो. पुरावा इतका सरळ नाही. वैद्यकीय संशोधनाचे पद्धतशीर आढावे घेणारे लोक शोधनिबंधांतून आकडे वेचण्याचं काम कित्येक वर्षं करत आहेत. तिथं डेटा अ‍ॅब्स्ट्रॅक्शन असिस्टंट नावाचं साधन तयार झालं. वेचलेला प्रत्येक आकडा मूळ निबंधातल्या जागेला खूण करून जोडणारं. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ते वापरून एकाने वेचायचं आणि दुसऱ्याने तपासायचं, ते न वापरता तसंच करायचं, आणि दोघांनी स्वतंत्रपणे वेचून मग ताडायचं, अशा तीन पद्धती तुलनेला घेतल्या. चुकांचं प्रमाण तिन्हींत जवळपास सारखंच निघालं. दोघांनी स्वतंत्र वेचण्याच्या पद्धतीला वेळ मात्र जास्त लागला. ओळीचा दुवा शोधण्याचे श्रम वाचवतो. डोळ्यासमोर आलेली ओळ नीट वाचून घेण्याची हमी तो देत नाही.

याचं कारण तपासणीच्या पडद्यात आहे. मूल्य मोठ्या अक्षरात, शेजारी ओळ आणि हिरवी खूण अशी मांडणी असली, की डोळा मूल्य वाचतो, ओळीत तोच आकडा दिसला की पुढे सरकतो. वरच्या उताऱ्यातली एकराची चूक अशा वाचनात हमखास निसटते, कारण ‘0.40’ दोन्हीकडे आहे. मांडणी उलटी केली तर वाचन बदलतं. आधी फक्त रकान्याचं नाव आणि ओळीची पट्टी दाखवायची. तपासनीसाने मूल्य स्वतः वाचून टंकायचं. मगच मॉडेलचं मूल्य उघडायचं. हे सगळ्या तीस रकान्यांना परवडत नाही. पण क्षेत्र, खातेदार, बोजा आणि भूधारणा वर्ग या चार रकान्यांना परवडतं, आणि नुकसान होतं तेही याच चारांत. बाकीच्यांना नमुना तपासणी पुरते, मात्र नमुन्यात जुळलेली अवतरणंही असली पाहिजेत. फक्त न जुळलेलीच पाहिली, तर रेघ मारलेली ओळ कधीच हाती लागणार नाही.

तपासनीसांचं लक्ष टिकून आहे की नाही हे जाणायचा एक प्रामाणिक मार्ग आहे. कामात जाणूनबुजून काही चुका पेरायच्या, तशी पूर्वकल्पना सर्वांना द्यायची, आणि त्यातल्या किती पकडल्या जातात ते मोजायचं. पेरलेल्या वीस चुकांपैकी अकराच पकडल्या गेल्या, तर न पेरलेल्यांचंही साधारण तसंच होत असणार. दोष शोधताना हिशेब चार कप्प्यांत ठेवावा : अवतरण कागदावर नाहीच, अवतरण आहे पण मूल्य सांगत नाही, अवतरण मूल्य सांगतं पण ओळ मेलेली आहे, आणि नोंदच सुटली. पहिल्यावर यंत्र पुरतं. दुसऱ्यासाठी साचा सुधारावा लागतो. तिसऱ्यासाठी चित्र लागतं. चौथ्यासाठी उलटं वाचन. सगळ्यांची मिळून ‘अचूकता’ अशी एकच टक्केवारी काढली, तर कशावर काम करायचं तेच कळेनासं होतं.

खर्चाचंही भान हवं. प्रत्येक मूल्याशेजारी ओळ म्हणजे मॉडेलने लिहायचा मजकूर कैक पटींनी वाढतो, आणि देवनागरी मजकुराला बहुतेक मॉडेलांत इंग्रजीपेक्षा जास्त तुकडे लागतात. गावाचं नाव, तालुका, उताऱ्याचा दिनांक यांना फक्त ओळ क्रमांक घेतला तरी चालतो, कारण क्रमांकावरून ओळ आपल्याच मजकुरातून उचलता येते. ज्या रकान्यावरून कर्ज, मोबदला किंवा हक्क ठरतो, तिथं मात्र क्रमांक आणि शब्द दोन्ही घ्यावेत.

आता पुन्हा त्या वर्तुळाकडे येऊ. फुलचूरच्या उताऱ्यात ख आणि ग यांच्यापुढे ६५५ आहे. एवढ्यावर थांबलो तर दोन वारस, प्रत्येकी ०.२०, बेरीज ०.४०, सगळं जुळतं. सातबाऱ्याच्या आत राहून यात चूक काढताच येत नाही. फेरफार ६५५ चं पान उघडलं आणि तिथं वारसांच्या यादीत तिसरं नाव दिसलं, तरच कळतं की सातबाऱ्यावर चढवतानाच ते सुटलं होतं, मॉडेल येण्याच्या कितीतरी आधी. म्हणजे आधाराच्या ओळीलाही तिचा आधार असतो, आणि खातेदाराच्या रकान्यात मी सातबाऱ्याची ओळ कधीच शेवटची मानणार नाही. तिथं दोन अवतरणं मागावीत : एक सातबाऱ्यातलं, दुसरं वर्तुळातल्या क्रमांकाच्या फेरफारातलं. तपासनीसापुढे दोन्ही पट्ट्या एकाखाली एक आल्या, की नावं मोजायला त्याला अर्धं मिनिट पुरतं.